‘ह’चं शेपूट

त्या दिवशी कोन कोन होतं ते आधी सांगून ठेवते, कारन त्यातले दोघं आता नाई. वर्धेच्या आरोग्य ऑफिसचे बडे बाबू होते. आमच्या दवाखान्याचा शिपाई होता, काखेत रजिस्टर दाबून. पोट्टी होती, जिच्यासाठी हे सारं चाललं होतं. तिची माय होती. मी होती. अन् रस्त्यापलीकडचा झेरॉक्सवाला, तो मागून यात आला. साहेबही होते, पन आतमंधी, पडद्यामागं. त्यांचा नुसता खोकला ऐकू ये. नावं मी कोनाचीच लिहीत नाई. नावापायी नाई, एका अक्षरापायी झालं ते सारं.

मी डेबरी हाव. डाव्या हातानं भाकर थापते, डाव्यानं इळा धरते, डाव्यानं लिहिते. लहानपनी शाळेत मास्तरनं डाव्या हातावर पट्टी हानली, घरी मायनं हानलं, सासरी सासू म्हने, "या हातानं वाढू नको व, मानसं उठून जातील पानावरून." वाढाचं मी शिकली उजव्यानं. लिहाचं काई उजव्यानं जमलं नाई. चौथीपर्यंत शाळा झाली, मंग सुटली. नवरा गेला तवा पदरात काई नव्हतं, अन् लिहिता येनं हे काई पदरात पडल्यासारखं तवा वाटेच ना. कापूस वेचाचा, निंदन कराचं, दुसऱ्यांच्या बाया बाळंत होत तवा जाऊन बसाचं.

सत्तरच्या पुढच्या एका साली सरकारी दवाखान्यात सुईनींचं शिक्षन निघालं. आम्ही नऊ-दहा बाया गेलतो. महिनाभर नर्सबाईनं शिकवलं. हात कसे धुवाचे, नाळ कशी कापाची, ब्लेड कसं उकळाचं. शेवटी सगळ्यांले ॲल्युमिनियमची पेटी भेटली. मले पेटीसंगं रजिस्टरही भेटलं, कारन लिहिता येनारी मी एकटीच. बाकीच्या बाया नर्सबाईले तोंडी सांगत, ती लिहे. डाक्टर साहेबानं मले आपला जुना शाईचा पेन देल्ला अन् दवाखान्याची निळी-काळी शाई. ती शाई चांगली. लिहिते वेळी निळी दिसे, साल-दोन साल गेले की जाड असन तिथं काळी होत जाय, पातळ असन तिथं निळसरच राहे, पान्यानंही जात नव्हती. पेन मात्र गळका. झटकला तं टपकन थेंब पडे.

आता डेबऱ्या मानसाचं लिहिनं कसं असते ते सांगते. तुमचा उजवा हात अक्षराच्या पुढं पुढं जाते, मागची शाई आपली वाळत राह्यते. आमचा डावा हात अक्षराच्या मागून येते. आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरावरूनच तो सरकते. तळहाताची कड निळी होते अन् शाई ओढली जाते उजवीकडं, पुढच्या अक्षरावर. माह्या रजिस्टरचं एक पान असं नव्हतं की ज्याच्यावर उजवीकडं वाहत गेलेली शाई नाई. नर्सबाई म्हने, "तुझं रजिस्टर पाहिलं की वाटते वारा सुटला आहे." टीपकागद कुठून आनाचा? मी कापूस टेकवत होती. कापसाले काय तोटा आमच्याकडं. पन कापूस शाई पिते तशी ओढतेही, अन् एखादा तंतू चिकटून राह्यते.

नर्सबाईनं आनखी एक शिकवलं होतं. शेऱ्याच्या खान्यात लेकरू जगलं तं ‘हयात’ लिहाचं, गेलं तं ‘मयत’. मी म्हनलं, बाई, जित्ता अन् मेला लिहिलं तं? ती हसली. "सरकारी वहीत असं लिहीत नाहीत." बरं म्हनलं. पन दोन्ही शब्द एका वानाचेच, हे मले तवाच खटकलं होतं.

ती बाई वेचनीले आलती, पुलगावकडून. सोबत नवरा अन् गावची आनखी चार मानसं. आमच्या गावाच्या शिवारात पऱ्हाटीच्या कडेले एक कोठा होता, तिथंच दिवसा दोन प्रहरी तिचं पोट दुखाले लागलं. मले बलावलं. पेटी घेऊन गेली. पहिला पोट्टा झाला. त्यानं दोन उसासे टाकले अन् थांबला. चोळलं, पाठीवर थापटलं, फुंकर मारली. नाई. रडाले टाइम नव्हता, कारन पोटात आनखी एक हाय हे मले हाताले कळलं होतं. पाव घंट्यानं पोट्टी झाली. ती उलटी धरून थापटली तं अशी किंचाळली का बाहेरचे बैल दचकले.

सारं आवरून, हात धुऊन, मी कापसाच्या ढिगावर रजिस्टर टेकून लिहाले बसली. रजिस्टरात एका बाळंतीनीले एकच ओळ. जुळ्याले दोन ओळी कराच्या असते हे मले कोनी सांगितलं नव्हतं. मी शेऱ्याच्या एवढ्याशा खान्यात दाटीवाटीनं लिहिलं: मुलगा मयत मुलगी हयात. ‘हयात’च्या ‘ह’वर पेन टपकला. मी कापूस टेकवला. तेवढ्यात माहा हातही त्याच्यावरून सरकला. वाईट वाटलं, पन पान फाडाची परवानगी नव्हती. मिटलं रजिस्टर.

गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत कोतवालानं ती नोंद घेतलीच नाई. बाहेरगावची मानसं, उद्या निघून जातील म्हने. पन ती गेली नाई. त्या बाईचा नवरा आमच्याच गावात सालदार लागला अन् ती इथलीच झाली. पोट्टी माह्या डोळ्यासमोर वाढली. मी दिसली की म्हने, "मावशी, तू मले उलटी टांगली होती ना?" शाळेत घातली तवा मास्तरनं तिच्या बापाले जन्मतारीख विचारली. बापानं डोकं खाजवलं. मास्तरनं आपल्या मनानं टाकली, एका सालानं लहान करून.

त्याची आठवन सतरा सालांनी झाली. पोट्टी मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कानं. तिले नर्सबाईच्या शिक्षनाले जाचं होतं. नंबरही लागला. पन वय सतरा पूर्ण पाहिजे, अन् शाळेच्या दाखल्यावर सोळाच भरत होते. तवा कोनी तरी म्हनलं, सुईनीच्या रजिस्टरात खरी तारीख असन. रजिस्टर दवाखान्याच्या कपाटात होतं. दवाखान्याच्या बाबूनं वर्धेले नेऊन त्या पानाची झेरॉक्स काढली, अर्जाले जोडली. आम्ही सुटलो म्हनून बसलो.

पंधरा दिवसांनी वर्धेच्या आरोग्य ऑफिसातून चिठ्ठी आली. पोट्टीनंच वाचून दाखवली, माह्या ओट्यावर बसून. "सदर नोंदीनुसार जुळ्यांपैकी दोन्ही अपत्ये मयत दिसतात. सबब अर्जदार ही सदर नोंदीतील अपत्य असल्याचे सिद्ध होत नाही. मूळ रजिस्टरासह हजर व्हावे." अन् खाली हजर व्हाची तारीख. तीच भरतीची शेवटची तारीख होती. त्या दिवशी झालं नाई तं तिची जागा पुढच्या पोट्टीले जानार.

तिच्या मायनं चिठ्ठी हाती घेऊन उलटीपालटी केली. मंग म्हने, "दोन्ही मेले? मंग तीन साल म्या दूध कोनाले पाजलं व मावशी?"

मले तो कोठा आठवला, टपकलेला पेन आठवला, अन् माहा हा हात. मले वाटलं, सासू म्हने तेच खरं होतं काय.

तिघी पहिल्या यष्टीनं निघालो. दवाखाना तळेगावले, शिपाई तिथं रजिस्टर घेऊन चढला. रस्ताभर मी हात पदराखाली धरला होता. पोट्टी म्हने, "मावशी, थंडी वाजून राह्यली काय?" म्हनलं, हो.

बडे बाबू चांगले मानूस होते, हे आधीच सांगते. पन कागदाचे मानूस. त्याईनं झेरॉक्स आमच्यासमोर टेबलावर ठेवली. मी पाह्यली. माह्या हातचं पान, पन मलेच ओळखू येईना. सारं काळं कुट्ट. माह्या निळ्या वाऱ्याचं नुसतं काजळ झालं होतं. ‘मुलगा मयत’ वाचता येत होतं. पुढं ‘मुलगी’, अन् त्याच्यापुढं एक काळा गोळा, त्याले लागून एक जाड दांडी, मंग ‘त’.

बाबू म्हनले, "हे बघा बाई. म, य, त. मागं लिहिलंय तेच पुन्हा. म भरून गेलाय, पण दुसरं काय असणार? या जुळ्यांतली मुलगी गेली. तुमची ही मुलगी नंतरची असेल. शाळेतली तारीख खरी असेल."

"नंतरची मले झालीच नाई," तिची माय म्हने. "याच दोघांवर माहं पोट थांबलं."

"ते मी कसं मानू? कागद काय म्हणतो ते मी पाहतो."

मी म्हनलं, "बाबूजी, ते हयात हाय. म्याच लिहिलं."

"तुम्ही लिहिलं? मग हा गोळा काय आहे?"

"माहा हात फिरला. मी डेबरी हाव."

शिपाई फिसकन हसला. "तरीच म्हनलं! आमच्या कपाटातली बाकी सारी रजिस्टरं सुधी, एकच पिऊन लिहिल्यासारखं काऊन हाय!"

बाबू हसले नाई. त्याईनं रजिस्टर मागितलं, पान उघडलं, चष्मा वर करून लय जवळून पाह्यलं. अस्सल पानावर काजळ नव्हतं. निळसर डाग होता, अन् त्याच्यात काई तरी गडद. पन बाबूंच्या कपाळावर वेगळीच आठी पडली. ते म्हनले, "इथंच बरोबर पुसलेलं आहे. मला सांगा, हे आत्ता कोणी पुसलं तर नाही? मयत लपवायला?"

आता हे मात्र मले लागलं. लबाडी मी उपाशी राहून केली नाई, ती काय शाईनं करन. पन रागानं काई होत नसते. मी म्हनलं, "बाबूजी, मागचं पान पाहा. त्याच्या मागचंही पाहा."

त्याईनं पानं उलटली. सगळीकडं तोच वारा. हरेक ओळीत शाई उजवीकडंच ओढलेली, डावीकडं एकदाही नाई. मी म्हनलं, "मले एक पेन द्या, शाईचा."

त्यांच्या खिशातला शाईचाच होता. शिपायानं कोरा कागद देल्ला. मी पदराखालून हात काढला अन् त्यांच्यासमोर, त्यांच्या पेनानं, लिहिलं: मुलगा मयत मुलगी हयात. माह्या तळहाताची कड ओल्या अक्षरावरून सरकत गेली, जशी शाळेपासून सरकत आली. ‘ह’ची शाई ‘य’वर गेली, ‘य’ची कान्यावर. ‘य’ची दांडी अन् कान्याची दांडी, दोघींच्या मधातली जागा भरून एकच जाड दांडी झाली. मी कागद फिरवून त्यांच्याकडं सरकवला. हातही उलटा करून दाखवला. निळा झालता.

बाबू पाहत राह्यले. लय येळ त्या नव्या कागदाकडं, मंग जुन्या पानाकडं, मंग पुन्हा नव्याकडं. "पुसलेलं नाही, हे कबूल," ते म्हनले. "पण शब्द कोणता, हे अजून कुठं दिसतं?"

पोट्टी टेबलाजोळ सरकली. ती म्हने, "बाबूजी, खिडकीकडं धरून पाहता काय? नुसतं एकदा."

बाबू उठले. खिडकीशी गेले, पान एकटं उभं केलं, बाकीची पानं शिपायानं धरली. मागून ऊन येत होतं. मी त्यांच्या खांद्याजोळून पाह्यलं. पेनानं जिथं शाई घातली तिथं ती जाड बसलेली, मागून उजेड आला तरी काळी. हातानं जिथं ओढली तिथं पातळ, तिच्यातून उजेड येत होता. डागाच्या पोटात अक्षरं उभी होती. दोन दांड्या. गोळ्याच्या पुढं, ‘त’च्या आधी: एक ‘य’ची, एक कान्याची.

बाबू हळूच म्हनले, "दोन आहेत."

"अन् ते खाली पाहा," मी म्हनलं. "शेपूट."

‘ह’ले खाली शेपूट असते, ‘म’ले नसते. मी ‘ह’ची शेपूट लंबी काढते, खान्याच्या छापील रेघेच्या खाली. झेरॉक्समंधी ती डागात अन् रेघेत गडप झाली होती. खिडकीत ती रेघ ओलांडून खाली लोंबलेली साफ दिसली.

शिपाई म्हने, "आइचान, शेपूट हाय!"

आतून साहेब खोकलले. बाबूंनं मान हालवली, पन त्यांचं तोंड उजळलं नाई. ते म्हनले, "मला पटलं. पण खिडकी फाइलला जोडता येत नाही. वर जाईल ती ही झेरॉक्सच जाईल. अन् आज गेलं पाहिजे."

तवा ते आम्हाले घेऊन रस्त्यापलीकडं गेले, झेरॉक्सवाल्याकडं. त्याची मशीन म्हंजे केवढी, पेटाऱ्याएवढी. बाबूंनं जुनी कापी त्याच्यासमोर ठेवली. "ही तू काढली?"

"मीच काढली साहेब. दवाखान्याचा बाबू आलता. निळी शाई मशीनले दिसत नाई नीट. फिकट निंघत होती, म्हनून बटन पुरं गडदवर केलं. कशी झकास काळी आली!"

"त्या झकासपायी या मुलीचं वर्ष जात होतं," बाबू म्हनले. "आता फिकटवर काढ."

"फिकटवर बाकीचं पान नाई येनार साहेब. अर्धं उडून जाईन."

"उडू दे. मला ही एक ओळ पाहिजे."

त्यानं बटन फिरवलं. पान काचेवर पालथं घातलं. उजेड इकडून तिकडं गेला अन् कागद निंघाला. गडदच होता अजून. आनखी फिरवलं. दुसरा निंघाला. तिसऱ्या कागदावर पानाचं बाकीचं लिखान पुसल्यासारखं झालं. जिथं पेनात शाई कमी होती ते शब्द गेलेच. पन आमच्या ओळीत, जिथं पेन गळला होता, जिथं शाई सगळ्यात जाड बसली होती, तिथं डाग विरला अन् अक्षरं राह्यली. पातळ शाई मशीनले दिसली नाई, जाड दिसली. ह. य. काना. त. मधात कापसाचा एक तंतूही उमटला होता, केसासारखा.

बाबूंनं मोठ्यानं वाचलं. "मुलगी हयात."

तिची माय तिथंच दुकानाच्या पायरीवर बसली. रडली नाई. पोट्टीले म्हने, "पानी पी व. सकाळपासून काई घेतलं नाई तू." अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जशी ती आत्ताच झाली.

झेरॉक्सवाल्यानं त्या तीन कापीचं काई घेतलं नाई. मले म्हने, "मावशी, कोनत्या हातानं लिहिता?" मी दाखवला. तो म्हने, "माह्या पोट्ट्याचाही तोच हाय. मी रोज हानतो त्याले." मी म्हनलं, "हानू नको. त्याच्या हाताखाली एक कागद ठेवजो."

बाबूंनं दोन्ही कापी जोडल्या, गडद अन् फिकट, अन् मी त्यांच्यासमोर लिहिलेला कागदही. मागं आपल्या हातानं लिहिलं, मूळ पाहिले, शब्द हयात असा आहे, शाईचा डाग लिहिणारीच्या हाताचा आहे. साहेबांनी पडद्याआड सही केली. ती फाइल बाबूंनं स्वतः पोचवली त्याच दुपारी. आम्ही पायऱ्यांवर बसून राह्यलो होतो. ते परत आले तवा दुरूनच हात वर केला, अन् मी पहिल्यांदा पाय पसरले.

यष्टीत शिपाई मले म्हने, "बाई, जित्ती असं लिहिलं असतं तं एवढं झालंच नसतं." खरं हाय. आपल्या तोंडचा शब्द लिहिला असता तं कोनी चुकलं नसतं. पन नर्सबाईनं सांगितलं होतं, अन् मी नवी होती.

घरी आली. सांजेची भाकर थापली. हाताची कड अजून निळीच होती, घासली नाई मी. सासूच्या वेळेपासून त्या हाताले मी चोरासारखं वागवत आली होती. त्या दिवशी त्याच हातानं लोनचं वाढलं स्वतःले अन् जेवली.

पोट्टी नर्स झाली. दूर नोकरीले लागली, मंग आमच्याच जिल्ह्यात आली. तिच्या रजिस्टरात जुळ्याले दोन ओळी असते, मी पाहून आली. डॉट पेननं लिहिते, तिचं काई फिसकटत नाई. मीही हे डॉट पेननंच लिहून राह्यली.

माहं ते रजिस्टर मात्र त्या दिवशी शिपाई परत घेऊन गेला, कपाटात ठेवतो म्हने. त्याच्यात आनखीन लय लेकरं हायेत, सगळ्यांवर माहा हात फिरलेला. दवाखाना मंग नव्या इमारतीत गेला. जुनी कपाटं कुठं गेली, कोनी सांगत नाई. निळ्या कापडाच्या पाठीचं, पहिल्या पानावर पेटीचं चित्र डाव्या हातानं काढलेलं, असं एक रजिस्टर कोनाच्या हाती आलं तं एवढं करा: रद्दीत देऊ नका.